निळा धागा, लाल वळ

ऑगस्टमध्ये जुहूला भरती ओसरली की ओल्या वाळूवर निळसर, पारदर्शक फुगे पडलेले दिसतात. जेमतेम बोटभर लांबीचे, एका टोकाला निमुळते, उन्हात चमकणारे. लहान मुलं त्यांच्याकडे धाव घेतात आणि मोठी माणसं फोटोसाठी वाकतात. फुग्याखालून निघालेला निळा धागा मात्र वाळूत मिसळून गेलेला असतो, तो सहसा कुणाला दिसत नाही. २०१८च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर काही दिवसांत सुमारे दीडशे जणांना डंख झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा हा फुगा घराघरांत माहीत झाला. ब्लू बॉटल हे त्याचं चालू नाव. शास्त्रज्ञ त्याला फायझेलिया म्हणतात.

तसं पाहिलं तर ब्लू बॉटल हा खरा जेलीफिश नाही. तो जेलीफिशच्या कुळातला एक चुलतभाऊ आहे, आणि तोही एकटा जीव नसून अनेक छोट्या जीवांची एकत्र जोडलेली वसाहत आहे. कुणी फक्त पचन करतो, कुणी प्रजननाचं काम पाहतो, कुणी शिकार पकडतो. वर तरंगणाऱ्या फुग्यात वायू असतो आणि त्याच्यावर शिडासारखा उभा पडदा असतो. पोहता येत नसल्यामुळे वारा नेईल तिकडे ही वसाहत जाते. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून सतत वारा वाहतो आणि अरबी समुद्रातल्या या वसाहती थव्यांनी कोकणपट्टीला येऊन लागतात. म्हणजे ज्या दिवसांत मुंबईकर पावसाळी समुद्र पाहायला चौपाटीवर गर्दी करतात, नेमके तेच यांचेही दिवस.

आता एक प्रसंग कल्पनेनं उभा करून पाहू. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा घोट्याएवढ्या पाण्यात उभा आहे. लाट येते, परत जाते आणि तो किंचाळतो. घोट्यापासून पोटरीपर्यंत एक निळा दोरा चिकटलेला आहे. मिनिटाभरात त्याच जागी लाल रेघ उमटते आणि तिच्यावर ओळीनं पांढरट, फुगीर ठिपके उठतात. एखादी मण्यांची माळ कातडीवर दाबून धरावी तसे. ब्लू बॉटलच्या डंखाची ही खूण इतकी ठळक असते की प्राणी दिसला नाही तरी बहुतेक वेळा वळावरून अंदाज बांधता येतो. आग आग होते, मग ठणका लागतो, आणि कधीकधी मांडीच्या सांध्यातली गाठही दुखू लागते.

यानंतरच्या मिनिटाभरात त्या मुलाभोवती जी गर्दी जमते, तिच्यातून उपायांचा पाऊस पडतो. "अहो ताई, वाळू चोळा, वाळू!" असं एक काका सांगतात. कुणीतरी पिण्याच्या पाण्याची बाटली उघडून पायावर ओततं. भुट्टेवाल्याकडे लिंबू कायम हजर असतं, ते अर्धं कापून पुढे येतं. पर्समधून सॅनिटायझर निघतो. या सगळ्यांना मुलाची कळकळ असते यात शंका नाही. पण यातल्या एकाही उपायानं त्याचं भलं होणार नाही, आणि दोन-तीन उपायांनी तर त्याच्या वेदना वाढतील. असं का, हे समजण्यासाठी तो निळा धागा जरा जवळून पाहावा लागेल.

धाग्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील अशा हजारो दंशपेशी असतात. प्रत्येकीत एक बंद कुपी आणि कुपीत घडी घालून बसवलेली पोकळ नळी. कुपीतला दाब दीडशे वातावरणांच्या आसपास असतो. पेशीला स्पर्श झाला आणि त्याच वेळी सजीव कातडीवरच्या रसायनांची चाहूल लागली की झाकण उघडतं, नळी उलटी होऊन बाहेर फेकली जाते, कातडीत घुसते आणि तिच्यातून विष आत जातं. याच कुळातल्या हायड्रा नावाच्या गोड्या पाण्यातल्या जीवाच्या दंशपेशींचं जर्मनीतल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. नळी बाहेर पडण्याचा निर्णायक टप्पा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात उरकतो, असं त्यात दिसलं. झटकन पाय मागे घेऊन हा डंख चुकवता येत नाही, तो त्यामुळेच.

यातली दोन गोष्टी प्रथमोपचाराच्या दृष्टीनं कळीच्या आहेत. एक म्हणजे, हे सगळं घडायला प्राण्याची इच्छा लागत नाही की त्याचं जिवंत असणंही लागत नाही. पेशी आपली आपण फुटते. म्हणून वाळूत मरून पडलेला ब्लू बॉटल किंवा लाटेत तुटून आलेला नुसता धागाही तितकाच झोंबतो. काठीनं टोचून "मेलाय रे" म्हणत हातात घेणारे अनेक जण असेच फसतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. धागा कातडीला लागतो तेव्हा त्याच्यावरच्या सगळ्या पेशी फुटत नाहीत. पुष्कळशा अजून शाबूत असतात आणि कातडीवर तशाच चिकटून राहतात. त्या मुलाच्या पोटरीवर डंख संपलेला नाही, तो अर्ध्यावर आहे. उरलेला डंख होणार की टळणार, हे पुढच्या काही मिनिटांत माणसं काय करतात त्यावर ठरतं.

वाळू चोळली की दाब आणि घर्षण यांमुळे या शाबूत पेशी फुटतात. टॉवेलनं खसाखसा पुसलं तरी तेच. पूर्वी एटीएम कार्डासारख्या कडक वस्तूनं धागे खरवडून काढावेत असा सल्ला दिला जाई. आता तोही मागे पडला, कारण खरवडताना पडणारा दाबही दाबच असतो. गोडं पाणी घातलं की खाऱ्या पाण्याला सरावलेल्या पेशींभोवतालचा क्षारांचा तोल अचानक बदलतो आणि त्या फुटू शकतात. सॅनिटायझर, स्पिरिट किंवा अत्तर यांतलं अल्कोहोलही त्यांना चेतवतं. लिंबाच्या रसाचा उपयोग होतो असा पुरावा नाही. आणि उठलेल्या कातडीवर तो असा काही झोंबतो की मुलाचं रडणं दुप्पट होतं.

मूत्राचं काय, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही, पण मनात असतो. १९९७मध्ये 'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेच्या एका भागात हा उपाय विनोदासाठी वापरला गेला आणि जगभर पसरला. मूत्रात क्षारांचं प्रमाण कमी-जास्त होत असतं. ते पातळ असेल तर गोड्या पाण्यासारखंच वागतं. उपाय म्हणून त्याला काहीही आधार नाही.

मग करायचं काय? सगळ्यात आधी मुलाला पाण्याबाहेर, कोरड्या जागी आणून बसवायचं. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण पोहणाऱ्याच्या बाबतीत खरा धोका बहुधा विषापेक्षा वेदनेनं घाबरून नाकातोंडात पाणी जाण्याचा असतो. बसवल्यावर पाय शक्य तितका स्थिर ठेवायचा. मग दिसणारे निळे धागे चिमट्यानं अलगद उचलून काढायचे. चिमटा नसेल तर हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून काढावेत. चोळायचं नाही, ओढत न्यायचं नाही, उचलायचं. नुसत्या बोटांनी काढले तरी बोटांच्या जाड कातडीला फार तर चुणचुण जाणवेल, पण तोच हात मग डोळ्याला लागता कामा नये. त्यानंतर वळावर समुद्राचंच पाणी हलक्या धारेनं ओतायचं.

इथपर्यंत झालं की डंखाचं वाढणं थांबतं. वेदना मात्र थांबलेली नसते. तिच्यावरचा सर्वात भरवशाचा उपाय चौपाटीवर अगदी हाताशी असतो, चहाच्या टपरीवर: गरम पाणी.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात ब्लू बॉटलचे डंख ही रोजची गोष्ट. तिथे न्यूकॅसल परिसरात डॉक्टरांनी ९६ जणांवर एक चाचणी घेतली आणि २००६मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. चिठ्ठी टाकावी तसं ठरवून काहींना ४५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्याचा उपचार दिला, काहींना बर्फाच्या पिशवीचा. वीस मिनिटांनी गरम पाण्याच्या गटातल्या ८७ टक्के लोकांची वेदना कमी झाली होती, बर्फाच्या गटात हे प्रमाण ३३ टक्के होतं. उष्णतेनं नेमकं काय होतं याचे दोन खुलासे दिले जातात. विषातली प्रथिनं उष्णतेनं निकामी होत असावीत, किंवा उष्णतेची जाणीव वेदनेच्या संदेशांना मज्जासंस्थेत अडवत असावी. कदाचित दोन्ही. उपचार करणाऱ्याला मात्र हे कोडं सुटेपर्यंत थांबायची गरज नाही.

चौपाटीवर थर्मामीटर कुठून आणणार? त्यावर साधा हिशेब आहे. मुंबईत ऑगस्टमध्ये नळाचं पाणी साधारण २७ अंशांचं असतं. तसं तीन मग पाणी बादलीत घ्यायचं आणि त्यात उकळत्या पाण्याचा एक मग मिसळायचा. मिश्रण ४५ अंशांच्या आसपास येतं. आधी गार, मग गरम हा क्रम पाळावा आणि नीट ढवळावं. पोटरीपर्यंत पाय बुडवायचा तर याच प्रमाणात पाणी वाढवायला हवं. धागे निघालेले आणि वळ समुद्राच्या पाण्यानं धुतलेला असल्यामुळे आता बादलीतलं पाणी गोडं असलं तरी मोठी हरकत नाही.

पाणी तपासायचं ते मोठ्या माणसानं, स्वतःच्या हातानं, आणि अर्धं मिनिट हात बुडवून. डंख झालेल्या पायाला विचारण्यात अर्थ नाही, कारण आधीच आग होत असलेल्या कातडीला चटका ओळखता येत नाही. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाच्या बाबतीत तर हा नियम काटेकोर पाळावा. सोसवेल इतकंच गरम, त्याहून जास्त नको. पाणी ५० अंशांवर गेलं तर काही मिनिटांत कातडी भाजू शकते आणि डंखाच्या वळाशेजारी भाजल्याचा फोड उठतो. पाय वीस मिनिटं पाण्यात ठेवायचा. पाच-सात मिनिटांनी पाणी निवू लागलं की आधी पाय बाहेर काढायचा, मग उकळतं पाणी थोडं घालून ढवळायचं, पुन्हा हात लावून पाहायचं आणि मगच पाय आत. डंख पाठीवर किंवा पोटावर असेल तर हॉटेलच्या खोलीतला गरम शॉवर सर्वांत सोयीचा. वीस मिनिटांनंतर पुन्हा ठणका लागला तर हेच आणखी एकदा करायला हरकत नाही.

गरम पाणी मिळालंच नाही तर बर्फही थोडा आराम देतो. फक्त तो कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला हवा, म्हणजे वितळणारं गोडं पाणी वळावर गळणार नाही. वळावर क्रेप बँडेज आवळून बांधण्याचा मोह टाळावा. तो उपाय काही सापांच्या दंशासाठी सांगितला जातो. इथे त्याच्या दाबानं उरल्यासुरल्या पेशींना निमित्तच मिळतं.

राहिलं व्हिनेगर. याबाबत तज्ज्ञांमध्येच एकमत नाही आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियातला अधिकृत प्रथमोपचार सांगतो की ब्लू बॉटलच्या डंखावर व्हिनेगर नको, कारण त्यानं काही पेशी फुटतात. समुद्राच्या पाण्यानं धुवा. उलट हवाई विद्यापीठातल्या अँजेल यानागिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये प्रयोगशाळेत फायझेलियाच्या धाग्यांवर वेगवेगळे उपाय तपासले, तेव्हा व्हिनेगर सरस ठरलं. समुद्राच्या पाण्यानं शाबूत पेशी धुतल्या जाण्याऐवजी आजूबाजूच्या कातडीवर पसरतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे भांडण आहे ते पहिल्या अर्ध्या मिनिटात वळावर काय ओतायचं याचं. चोळू नये आणि नंतर ४५ अंशांची उष्णता द्यावी, यावर दोन्ही बाजू एक आहेत. जुहूवर व्हिनेगरची बाटली घेऊन कुणी फिरत नाही, त्यामुळे तिथे हा वाद आपोआप मिटतो. व्हिनेगर शोधण्यात दहा मिनिटं घालवणं हा मात्र नक्कीच चुकीचा निर्णय.

गोव्यात चित्र थोडं वेगळं आहे. तिथल्या किनाऱ्यांवर दृष्टी मरीन या संस्थेचे जीवरक्षक असतात आणि त्यांच्याकडे प्रथमोपचाराचं साहित्य असतं. नोव्हेंबर २०२०मध्ये त्यांनी दोन दिवसांत नव्वदहून अधिक जणांच्या डंखांवर उपचार केले. बागा ते सिकेरी हा पट्टा त्यात आघाडीवर होता. गोव्याच्या पाण्यात ब्लू बॉटलखेरीज इतर जेलीफिशही असतात आणि तिथे जीवरक्षक व्हिनेगर वापरतात. प्रशिक्षित माणूस समोर असेल तर वळाचा फोटो काढून समाजमाध्यमांवर सल्ला मागण्यापेक्षा त्याच्याकडे जाणं केव्हाही श्रेयस्कर.

एका कुळाबाबत मात्र व्हिनेगरवर वाद नाही. बॉक्स जेलीफिश म्हणजे घनाकार छत्रीच्या चार कोपऱ्यांतून धागे सोडणारे जेलीफिश. त्यांतल्या काहींचं विष मोठ्या माणसाचंही हृदय काही मिनिटांत बंद पाडू शकतं. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर ते आढळतात. थायलंडमध्येही त्यांच्यामुळे मृत्यू झाले आहेत, आणि पुण्या-मुंबईहून हनिमूनला किंवा सहलीला तिकडे जाणाऱ्यांची संख्या थोडीथोडकी नाही. को सामुईसारख्या बेटांवर वाळूत खांब रोवून त्यांच्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतात, त्या याचसाठी. तिथे डंख झाला तर आधी मदतीसाठी ओरडायचं, वळांवर किमान तीस सेकंद व्हिनेगर भरपूर ओतायचं आणि श्वास थांबला तर लगेच छातीवर दाब देणं सुरू करायचं.

मुंबईत आणखी एक गल्लत होते. गणपती विसर्जनाच्या वेळी गुडघाभर पाण्यात उतरलेल्या माणसाच्या पायाला अचानक कळ आली की "जेलीफिश चावला" असं म्हटलं जातं. २०१३मध्ये गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी अनेक जण जखमी झाले, तेव्हा त्यात पाकट माशाच्या, म्हणजे स्टिंगरेच्या, काट्याच्या जखमाही होत्या. फरक पायाकडे पाहून कळतो. पाकटाची जखम एका जागी, खोल, रक्त येणारी असते आणि बहुधा घोट्याच्या किंवा पावलाच्या आसपास. गरम पाण्यानं तिचीही वेदना उतरते, पण आत काट्याचा तुकडा राहिलेला असू शकतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. म्हणून ती जखम रुग्णालयातच दाखवायला हवी. जेलीफिशच्या डंखात रक्त येत नाही, रेघा उठतात.

ब्लू बॉटलच्या बहुतेक डंखांची वेदना तासा-दोन तासांत उतरते. पण काही थोड्या लोकांच्या बाबतीत शरीरच विषावर टोकाची प्रतिक्रिया देतं. या प्रतिक्रियेच्या शोधाचा धागा थेट याच प्राण्यापर्यंत जातो. १९०१ साली मोनॅकोचे राजपुत्र पहिले अल्बर्ट यांच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ फायझेलियाच्या विषाचा अभ्यास करत होते. फ्रान्सला परतल्यावर फायझेलिया मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रफुलाचं विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग चालू ठेवले. विषाचा एक डोस पचवून बरे झालेले कुत्रे काही आठवड्यांनी त्याहून कितीतरी लहान डोसानं मिनिटांत कोसळू लागले. पहिल्या डोसानं शरीर कणखर होण्याऐवजी अतिसंवेदनशील झालं होतं. ॲनाफिलॅक्सिस म्हणून आज प्रत्येक डॉक्टरला माहीत असलेल्या या प्रकाराच्या संशोधनासाठी रिशे यांना १९१३चं नोबेल पारितोषिक मिळालं.

त्यामुळे वळाकडे पाहताना माणसाकडेही पाहत राहावं लागतं. ओठ किंवा चेहरा सुजू लागणं, घशात दाटल्यासारखं वाटणं, धाप लागणं, डंखापासून दूरच्या कातडीवरही गांधी उठणं, उलट्या, भोवळ, छातीत दुखणं, यांपैकी काहीही दिसलं तर बादली बाजूला ठेवून १०८ला फोन करायचा. अशा वेळी उपयोगी पडतं ते ॲड्रिनालिनचं इंजेक्शन, आणि ते रुग्णवाहिकेत किंवा रुग्णालयात मिळतं. भोवळ येत असेल तर माणसाला आडवं निजवून पाय वर करावेत. श्वास लागत असेल तर बसवावं. डंख डोळ्याला किंवा तोंडाच्या आत झाला असेल, हाताचा किंवा पायाचा बराच भाग वेढला गेला असेल किंवा डंख झालेलं मूल अगदी लहान असेल, तर यांतली लक्षणं नसली तरी डॉक्टरला दाखवणं आवश्यक. यापूर्वी कधी डंख झाला होता का, हेही त्यांना आठवणीनं सांगावं.

आपल्या कल्पनेतल्या मुलाला यातलं काही झालं नाही असं धरू. वीस मिनिटांनी त्यानं बादलीतून पाय काढला तेव्हा ठणका ओसरला होता आणि रेघ अजून लाल होती. रात्री दुखलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरतं. दुसऱ्या दिवसापासून खाज सुरू होते, तिच्यासाठी कॅलामाइन लावतात. फारच खाज असेल तर डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोनचं सौम्य मलम किंवा ॲलर्जीची गोळी देतात. अँटिबायोटिकची गरज नसते. नखांनी खाजवून जखम झाली, ती गरम लागू लागली आणि पू आला तर गोष्ट वेगळी. काहींच्या बाबतीत सगळं विसरून गेल्यावर, आठवड्या-दोन आठवड्यांनी, त्याच रेघेवर पुन्हा पुरळ उठतं. तो नवा डंख नसतो, जुन्या विषावर शरीरानं दिलेली उशिराची प्रतिक्रिया असते, आणि ती बहुधा त्याच मलमानं बसते. रेघेचा तपकिरी डाग मात्र काही आठवडे, क्वचित काही महिनेही राहतो.